ट्रॅक्टरचा विमा: थर्ड पार्टी टाकू की फुल?

शोरूममध्ये ट्रॅक्टरचा सौदा ठरतो तेव्हा बोलणं चालतं ते किंमत, जुन्याचं एक्स्चेंज, हूक, हूड आणि बँकेच्या हप्त्यावर. विम्याची ओळ कोटेशनच्या तळाशी असते. तिथे पोहोचेपर्यंत सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असते, कारण पेढे आणि नारळ गाडीत ठेवलेले असतात. सेल्समन विचारतो, "दादा, इन्शुरन्स थर्ड पार्टी टाकू का फुल?" दादा विचारतात, "फरक किती पडतोय?" उत्तरात रुपयांचा आकडा येतो आणि त्या आकड्यावरच निर्णय होतो.

फरक पैशांचा आहेच. पण त्याआधी दोन्ही विमे कोणाचं नुकसान भरतात ते कळायला हवं. विम्याच्या करारात पहिली बाजू ट्रॅक्टरमालकाची, दुसरी कंपनीची. या दोघांशिवाय जो कोणी तुमच्या ट्रॅक्टरमुळे जखमी होईल, मरेल किंवा ज्याच्या मालमत्तेचं नुकसान होईल, तो तिसरा. रस्त्याने चालणारा, मोटारसायकलवाला, ज्याच्या दुकानाच्या शटरला धडक बसली तो दुकानदार, हे सगळे त्यात येतात. थर्ड पार्टी विमा फक्त या तिसऱ्या माणसाची भरपाई देतो. तुमचा ट्रॅक्टर चोरीला गेला, जळाला, ओढ्यात उलटला, तर त्यात एक रुपयाही नाही. शेतकरी ज्याला 'फुल' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात तो विमा म्हणजे हाच थर्ड पार्टी विमा, अधिक तुमच्या स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचं संरक्षण. कंपनीच्या कागदावर त्याला 'पॅकेज पॉलिसी' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लिहिलेलं असतं.

यातला थर्ड पार्टीचा भाग घ्यायचा की नाही, हा प्रश्नच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी वाहन चालवायचं तर तो लागतोच. नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आमचा ट्रॅक्टर कायम रानातच असतो," असं म्हणणाऱ्यांनी गोठ्यापासून रानापर्यंतचा रस्ता आठवावा. गावातून जाणारी वाटही सार्वजनिकच असते.

हे सगळं एकाच अपघातात कसं दिसतं ते पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण आकडेमोड न्यायालयं आणि कंपन्या वापरतात तीच. माढा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला. आठव्या महिन्यात, बाजारातून रात्री परतताना वळणावर समोरून आलेल्या मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवाला जागीच गेला. चालकाने ट्रॅक्टर बाजूला ओढला तो चारीत जाऊन आडवा झाला. चालकाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पोलिसांच्या नोंदीत चूक ट्रॅक्टरवाल्याची.

आधी तिसऱ्या माणसाचं बघू. गेलेला माणूस ३४ वर्षांचा, वायरमनचं काम करणारा, महिना १५,००० रुपये कमावणारा. मागे बायको, दोन मुलं आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई अंदाजाने ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली पद्धत आहे. वर्षाची कमाई १,८०,००० रुपये. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढे कमाई वाढली असती असं धरून त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,००० रुपये. त्याच्यावर चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा भाग वजा, उरले १,८९,००० रुपये. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. गुणाकार ३०,२४,००० रुपये. त्यावर अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाच्या वियोगाची ठरावीक रक्कम आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज. म्हणजे ८ लाखांच्या ट्रॅक्टरमुळे ३२ लाखांच्या पुढची जबाबदारी.

ही रक्कम थर्ड पार्टी विम्यातून पूर्ण मिळते. मृत्यू आणि दुखापतीसाठी कंपनीला वरची मर्यादा घालता येत नाही. न्यायाधिकरण ठरवेल ते द्यावं लागतं. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते. विमा नसता तर ही वसुली त्या शेतकऱ्यावर आली असती. कलम १७४ नुसार न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात, म्हणजे गोष्ट थेट सातबाऱ्यापर्यंत जाते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: या ३२ लाखांच्या बाबतीत थर्ड पार्टी आणि फुल विम्यात काडीचाही फरक नाही. संरक्षण तेच, तेवढंच. या भागाचा हप्ताही कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ६ एचपीवरच्या शेती ट्रॅक्टरला ७,२६७ रुपये होते, वर जीएसटी. म्हणून "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे" असं कोणी सांगितलं तर त्याचा कागद जरा नीट तपासावा.

आता चारीत पडलेला ट्रॅक्टर. थर्ड पार्टी असती तर क्रेनपासून गॅरेजपर्यंत सगळं बिल मालकाच्या खिशातून. फुल विमा असेल तर हिशेब सुरू होतो आयडीव्हीपासून. आयडीव्ही म्हणजे कंपनीने मान्य केलेली ट्रॅक्टरची किंमत. पासिंग आणि विम्याचा खर्च त्यात धरत नाहीत आणि नव्याकोऱ्या वाहनालाही ५ टक्के घसारा लावतात. आपल्या उदाहरणात ८ लाखांचे झाले ७ लाख ६० हजार. ट्रॅक्टर चोरीला गेला, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर ही रक्कम मिळते. त्यापेक्षा जास्त कधीच नाही. पुढे दरवर्षी ती उतरते. दोन ते तीन वर्षांच्या वाहनाला घसारा ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्याला ५० टक्के. काही एजंट हप्ता कमी दाखवायला आयडीव्ही खाली ओढतात. दोन कोटेशनमध्ये हजार-पंधराशेचा फरक दिसला की आधी दोन्हींतली आयडीव्ही शेजारी ठेवून बघावी. बऱ्याचदा स्वस्ताईचं कारण तिथेच सापडतं.

आपला ट्रॅक्टर पूर्ण मोडलेला नाही. दुरुस्तीचं बिल समजा दीड लाख: पुढचा ॲक्सल, स्टिअरिंग, रेडिएटर असे धातूचे भाग ९०,००० रुपयांचे, मजुरी २०,००० रुपये, आणि बोनेटच्या बाजूचे पत्रे, मडगार्ड, हेडलाइट, रंग आणि एक टायर मिळून ४०,००० रुपये. धातूच्या भागांवर वाहनाच्या वयाप्रमाणे घसारा लागतो. पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, सहा महिने ते वर्षभर ५ टक्के. ९०,००० चे झाले ८५,५००. मजुरीवर घसारा नसतो, २०,००० पूर्ण. दर क्लेमला ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते. ती पॉलिसीत लिहिलेली असते, इथे २,००० धरू. आता ते ४०,००० रुपये. इथे बहुतेक शेतकऱ्यांची सर्व्हेअरशी बाचाबाची होते, कारण त्यातलं काहीच मिळत नाही. ट्रॅक्टर व्यावसायिक वाहनांच्या गटातल्या पॉलिसीवर विकला जातो, आणि त्या पॉलिसीत सहसा 'आयएमटी २१' नावाची अट असते: वाहन पूर्ण निकामी झाल्याशिवाय दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचं नुकसान दिलं जाणार नाही. ट्रॅक्टर उलटला की आधी मोडतं ते नेमकं हेच.

म्हणजे दीड लाखाच्या बिलात मिळाले १,०३,५०० रुपये आणि खिशातून गेले ४६,५००. तरीही शून्यापेक्षा हे कैक पटीने बरं. पण विकत घेताना एक वाक्य बोललं असतं तर यातले काही हजार वाचले असते. "आयएमटी २३ टाका," एवढंच ते वाक्य. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर थोडे जास्त पैसे भरून वगळलेले हे भाग पुन्हा संरक्षणात घेता येतात. टायर, बॅटरी, रबर आणि प्लास्टिकच्या वस्तूंवर त्यानंतरही ५० टक्के घसारा राहतो, हे धरून चालावं. माझ्या मते नव्या ट्रॅक्टरला ही जोड घ्यावी. पाच-सहा वर्षांच्या ट्रॅक्टरला, ज्याचे मडगार्ड आधीच दोनदा ठोकून सरळ केलेले आहेत, नाही घेतली तरी चालेल.

फुल विमा आग, वीज पडणं, चोरी, दंगल, पूर, गारपीट, भूकंप, दरड आणि अपघात यांना धरतो. झीज आणि यंत्रातला बिघाड मात्र धरत नाही. क्लच घासला, हायड्रॉलिक उचलत नाही, गिअरबॉक्स गेला, चिखलणी करताना इंजिनाने दम तोडला, हे वॉरंटीचे किंवा नशिबाचे विषय आहेत. मागे जोडलेला रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्रही ट्रॅक्टरच्या पॉलिसीत आपोआप येत नाही. पॉलिसीत त्याचं नाव आणि किंमत लिहिलेली असेल तरच.

इथपर्यंत वाचून वाटेल, की फुल घेतला म्हणजे मिटलं. पण विमा नाकारला जाण्याचं मोठं कारण थर्ड पार्टी की फुल, हे नसतंच. ट्रॅक्टर कशासाठी वापरला, मागे काय जोडलं होतं आणि त्यावर कोण बसलं होतं, यावरून क्लेम अडतात, आणि ते दोन्ही प्रकारच्या विम्यात सारखेच अडतात.

ट्रॅक्टरला सीट एक, तीही चालकाची. तरी आपल्याकडे मडगार्डवर दोघं आणि ट्रॉलीत पंधरा बायका-माणसं, हे खुरपणी-तोडणीच्या दिवसांत रोजचं दृश्य. ही माणसं कायद्याच्या दृष्टीने 'तिसरी' ठरतीलच असं नाही. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. वीटभट्टीची माती नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून एक मजूर पडून जखमी झाला. विमा ट्रॅक्टरचा होता आणि तो शेतीकामापुरता, ट्रॉलीचा विमा नव्हता. न्यायालयाने विमा कंपनी जबाबदार नसल्याचं सांगितलं. मजूर गरीब म्हणून आपले विशेष अधिकार वापरून, आधी कंपनीने त्याला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. 'पे अँड रिकव्हर' म्हणतात ते हेच. मजुराला पैसे मिळाले, पण मालकाची सुटका झाली नाही.

या निकालात मालकाला नडलेल्या तिन्ही गोष्टी आपल्याकडच्या गावोगावी आहेत. ट्रॉलीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ती वेगळी दाखवावी लागते. सरकारी दरपत्रकात ट्रॉलीला वेगळा थर्ड पार्टी हप्ता आहे, ट्रॅक्टरच्या हप्त्यापेक्षा बराच कमी. तो वाचवण्यात काही अर्थ नाही, कारण रात्री ट्रॉलीलाच मागून धडक बसते. दोन ट्रॉल्या जोडत असाल तर दोन्ही लिहून घ्याव्यात. वापराचंही तसंच. स्वतःच्या रानातला ऊस स्वतः कारखान्यावर नेणं वेगळं आणि हंगामभर कारखान्याशी करार करून दुसऱ्यांचा ऊस भाड्याने वाहणं वेगळं. मुरूम, वाळू, विटा ओढणं तर शेती नव्हेच. भाड्याचं काम करणार असाल तर पासिंगच्या आणि विम्याच्या आधी तसं सांगावं. हप्ता वाढेल, पण पॉलिसी कागदापुरती राहणार नाही. मजूर नेणं टाळता येत नसेल, तर मजुरांच्या कायदेशीर जबाबदारीचा जादा हप्ता भरता येतो का, किती जणांचा आणि कोणत्या कामापुरता, हे एजंटला विचारून पॉलिसीत छापून घ्यावं. तोंडी "हो, चालतं" याला सर्व्हेअर विचारत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलायला हवी. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा, हे बहुतेक घरांचं चित्र. बांधावरून जाताना ट्रॅक्टर उलटून मुलगाच दगावला तर? इथे दुसरं वाहन नाही, चूक कोणाची म्हणावी तर चालवणाऱ्याचीच. वडिलांचा ट्रॅक्टर मागून चालवणारा मुलगा कायद्याला तिसरा माणूस वाटत नाही, तो मालकाच्या जागीच धरला जातो. पॉलिसीसोबत १५ लाखांचं जे सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण येतं ते आरसीवर नाव असलेल्या मालकाचं, तेही तो स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तर. म्हणजे वडिलांचं नाव, वडिलांकडे परवाना नाही, चालवणारा मुलगा: पैसे भरूनही कोणालाच काही नाही. यावर उपाय दोन. रोज जो चालवतो त्याच्या नावावर ट्रॅक्टर घ्यावा, किंवा चालकासाठीचं अपघात संरक्षण पॉलिसीत वेगळं जोडून घ्यावं. पगारी चालक असेल तर त्याच्या जबाबदारीचा हप्ता अगदी नाममात्र असतो. तो मागितल्याशिवाय कोणी घालत नाही, कारण त्यात कोणाचं कमिशन सुटत नाही.

परवान्याची भीती मात्र थोडी कमी झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतचं वाहतूक वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. ट्रॅक्टरही वजनाने या गटात बसतो. पण परवाना मुदतीतला हवा, आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हातात स्टिअरिंग दिलं तर कोणताही विमा मदतीला येत नाही.

मग नव्या ट्रॅक्टरला काय घ्यावं? कर्ज असेल तर निवड तुमच्या हातात राहत नाही. बोजा असेपर्यंत बँक फुल विमाच मागते, आणि ट्रॅक्टर चोरीला गेला तर आयडीव्हीतून आधी बँकेची बाकी वजा होते, उरलं तर तुम्हाला. रोखीने घेतला असेल तरी पहिली पाच-सहा वर्षं फुलच घ्यावा असं माझं मत आहे. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता कंपन्या आपापल्या परीने ठरवतात, तिथे घासाघीस चालते. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असंही काही नाही. बाहेरच्या दोन कंपन्यांचं कोटेशन, त्याच आयडीव्हीचं आणि त्याच जोडण्यांसह, आणून समोर ठेवा. क्लेम न केलेल्या वर्षासाठी पुढच्या वर्षी या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून तीन-चार हजारांच्या किरकोळ मोडतोडीचा क्लेम करण्याआधी सुटीचा हिशेब मांडावा. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट लागत नाही. पुढे ट्रॅक्टर दहा वर्षांचा झाला, आयडीव्ही दीड-दोन लाखांवर आली आणि लोखंडी भागांवर ५० टक्के घसारा बसू लागला, की फुलचा हप्ता भरायचा का, याचा विचार जरूर करावा. तेव्हा थर्ड पार्टीवर येणं शहाणपणाचं ठरू शकतं.

पॉलिसी हातात आली की पहिलं पान, ज्याला शेड्यूल म्हणतात, तेवढं वाचलं तरी पुरे. त्यात चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, आयडीव्ही किती, ट्रॉलीचा नंबर आहे का, वापराच्या रकान्यात काय लिहिलंय आणि तळाशी आयएमटी २३ चा आकडा दिसतो का, एवढं बघावं. चूक असेल तर लगेच एन्डोर्समेंट करून दुरुस्त होते; अपघातानंतर होत नाही. आणि मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मोटारीला नवी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, ट्रॅक्टरला तो नियम नाही. त्याचा विमा दरवर्षी संपतो, आणि संपला की फुल विमा पुन्हा घ्यायला कंपनीचा माणूस ट्रॅक्टर बघायला येतो. मध्ये ९० दिवस गेले की साठवलेली सूटही जाते.